आधी आकार, मग होकार

मंगळवारी रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोल आला. प्रश्न होता, ‘सर्वांच्या सुरक्षेसाठी सीसीटीव्ही बसवायचे का?’ आणि खाली तीन पर्याय: ‘हो’, ‘हो, सगळ्या मजल्यांवर’ आणि ‘नको’. बुधवारी सकाळी अकराला सेक्रेटरींनी जाहीर केलं, ‘बहुमताने हो. उद्या व्हेंडर मोजमापाला येईल. धन्यवाद.’ दुपारी एकपर्यंत ग्रुपवर एकशे चाळीस मेसेज झाले होते. त्यातले चाळीसेक कॅमेऱ्याबद्दल होते, उरलेले गेल्या सात वर्षांतल्या पार्किंगबद्दल. चार वाजता ‘फक्त ॲडमिनच लिहू शकतील’ अशी सोय करण्यात आली आणि भांडण लिफ्टमध्ये गेलं.

आमची इमारत बारा मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर चार घरं, म्हणजे अठ्ठेचाळीस सभासद. पार्किंगमधून दोन सायकली गेल्या होत्या, मजल्यांवरून दुधाच्या पिशव्या जात होत्या, म्हणून विषय निघाला. शेवटी दोन्ही बाजूंनी मिळून हे मतदान नव्याने घ्यायला मला सांगितलं. मी बँकेतून निवृत्त झालेला, आणि या वादात तोवर तोंड उघडलेलं नव्हतं, एवढीच माझी लायकी. ते काम करताना जे कळलं ते इथे मांडतो आहे, कारण असा पोल सध्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर चालू असणारच.

आधी त्या पहिल्या पोलचा पंचनामा. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये मत घराचं नसतं, फोनचं असतं. ४०३ मधून तीन मतं पडली होती: आई, वडील आणि बारावीतला मुलगा. २०२ मधल्या भाडेकरूंनी मत दिलं होतं, पण त्या घराच्या मालकीणबाई ग्रुपमध्येच नव्हत्या. पोल तयार करताना ‘Allow multiple answers’ हे बटण बंद करायचं राहिलं होतं, त्यामुळे काहींनी ‘हो’वरही बोट ठेवलं आणि ‘हो, सगळ्या मजल्यांवर’वरही. सेक्रेटरींनी दोन्हींची बेरीज करून ‘हो’ला बहुमत दिलं. म्हणजे एकाच माणसाचं मत दोनदा मोजलं गेलं. त्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. रात्री साडेदहाला, जेवण झाल्यावर, अंगठ्याने केलेलं काम होतं ते.

पण या चुका दिसणाऱ्या आहेत आणि निस्तरता येण्यासारख्या आहेत. खरी गोम पर्यायांत होती. ‘हो’ म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ९०१ च्या काकूंना गेटवरचे कॅमेरे हवे होते, म्हणून त्यांनी ‘हो’ म्हटलं. तो होकार वापरून उद्या त्यांच्याच दाराच्या वर कॅमेरा बसणार होता. आणि ‘सर्वांच्या सुरक्षेसाठी’ हे शब्द प्रश्नातच घातल्यावर ‘नको’ म्हणणारा माणूस आपोआपच सर्वांच्या सुरक्षेच्या विरोधात जाऊन बसतो.

म्हणून मी पहिलं काम केलं ते पर्याय लिहून काढण्याचं, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. कॅमेरे हवेत म्हणणाऱ्यांतले दोघे आणि नको म्हणणाऱ्यांतले दोघे यांना चहाला बोलावलं आणि सांगितलं, की तुमच्या पर्यायाचं वाक्य तुम्ही लिहायचं आणि ते समोरच्याने वाचून ‘यात खोटं काही नाही’ म्हणायचं. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी तीन पर्याय उरले. पहिला, कॅमेरे नकोत, आहे तसंच राहू द्या. दुसरा, गेट, पार्किंग आणि लिफ्टच्या तळमजल्याच्या दारापाशी मिळून सहा कॅमेरे. तिसरा, हे सहा अधिक प्रत्येक मजल्याच्या लॉबीत एक, असे अठरा.

प्रत्येक पर्यायापुढे पैसे लिहिले, आणि तेही एका घराला किती पडतील ते. सहा कॅमेऱ्यांचं काम ६२,४०० रुपयांचं, म्हणजे दर घरामागे १,३०० रुपये एकदाच, आणि पुढे देखभालीचे वर्षाला १२५. अठरा कॅमेऱ्यांचं १,५८,४०० चं, म्हणजे घरामागे ३,३०० आणि वर्षाला ३२५. ‘दीड लाखाच्या आसपास’ असं मोघम लिहिलं की माणसं सोसायटीचे पैसे समजतात. ‘तुमच्या घरचे ३,३००’ म्हटलं की विचार करतात. नको म्हणणाऱ्यांना आपल्या पर्यायात ‘त्याऐवजी रात्री आणखी एक वॉचमन’ असं घालायचं होतं. पंधरा हजार पगार धरला तर घरामागे महिन्याला ३१२ रुपये, दर महिन्याला, कायम. आकडा कागदावर पाहिल्यावर त्यांनीच ती ओळ खोडली.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण पर्यायातलं वचन खोटं असेल तर त्यावरचं मतदानही खोटंच. व्हेंडरच्या कोटेशनमध्ये ‘दोन टीबी हार्ड डिस्क, तीस दिवसांचं रेकॉर्डिंग’ असं छापलेलं होतं. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चोवीस तास चालू राहिला तर नव्या पद्धतीने दाबून साठवलेलं चित्रणही ढोबळमानाने दिवसाला वीस जीबी जागा खातं. सहा कॅमेऱ्यांचे झाले एकशे वीस. दोन टीबी म्हणजे सुमारे दोन हजार जीबी, तेव्हा सोळा-सतरा दिवसांत डिस्क भरते आणि जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जाऊ लागतं. अठरा कॅमेऱ्यांना तीच डिस्क पाच-सहा दिवस पुरते. गावाहून परत आल्यावर कुणाला सायकल गेल्याचं कळलं तर चोराचं चित्रण तोवर पुसलेलं असणार. व्हेंडरला हा हिशेब दाखवल्यावर त्याने न कुरकुरता सहासाठी चार टीबी आणि अठरासाठी बारा टीबी धरून दर बदलून दिले. वर दिलेले आकडे त्या सुधारलेल्या कोटेशनचे आहेत.

शिवाय प्रत्येक पर्यायात दोन ओळी सक्तीने घातल्या: चित्रण कोण पाहू शकेल आणि किती दिवस राहील. आमच्याकडे ठरलं की पासवर्ड सेक्रेटरी आणि खजिनदार या दोघांकडेच, तीस दिवसांनंतर आपोआप पुसलं जाईल, आणि सभासदाला पाहायचं असेल तर लेखी अर्ज करून, दोघांच्या समोर. मजल्यांवरच्या कॅमेऱ्यांना विरोध करणाऱ्यांची निम्मी भीती याच गोष्टींची होती. कुणाच्या दारी किती वाजता कोण आलं, हे सेक्रेटरींच्या फोनवर दिसत राहावं, अशी कुणाचीच इच्छा नसते, अगदी सेक्रेटरींच्या घरच्यांचीसुद्धा. आणि काही गोष्टी बहुमतानेही ठरवू नयेत असं माझं मत आहे. घराच्या राहत्या भागात तिथे राहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीच्या संमतीवाचून कॅमेरे चालवणं हा खासगीपणाचा भंग आहे, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. ते प्रकरण एका घरातलं होतं, लॉबीतलं नव्हे. तरी दार उघडताच आतला हॉल टिपणारा कोन कुठल्याच पर्यायात असू नये, एवढा धडा त्यातून आम्ही घेतला.

आता मुख्य प्रश्न. तीन पर्याय झाले, पण मत कसं घ्यायचं? सरळ उत्तर असं की एकावर खूण करा, ज्याला सगळ्यात जास्त तो जिंकला. मीही तेच करणार होतो. पण बँकेत चाळीस वर्षं आकड्यांसोबत काढल्यामुळे आधी घरी बसून चार प्रकारे मांडून पाहिलं, आणि घाबरलो.

मी काय केलं ते सांगतो. मतपत्रिकेत एकच खूण मागितली नाही. तिन्ही पर्यायांना १, २, ३ असे क्रमांक द्यायला सांगितले: सगळ्यात आवडता पहिला, नावडता तिसरा. त्रेचाळीस घरांच्या पत्रिका आल्या. त्या टेबलावर ओतून क्रमानुसार गठ्ठे लावले. तीन पर्यायांचे क्रम सहाच होऊ शकतात, त्यामुळे गठ्ठेही सहाच. ‘नकोत, मग गेट, शेवटी मजले’ असं म्हणणारी पंधरा घरं. ‘नकोत, मग मजले, शेवटी गेट’ असं एकच. ‘गेट, मग नकोत, शेवटी मजले’ नऊ. ‘गेट, मग मजले, शेवटी नकोत’ पाच. ‘मजले, मग गेट, शेवटी नकोत’ बारा. आणि ‘मजले, नाहीतर काहीच नको’ असा बाणेदार एक. तो कोण हे पत्रिकेवर नाव नसूनही सगळ्यांना कळलं.

आता याच त्रेचाळीस घरांना वेगवेगळ्या पद्धतीने विचारलं असतं तर काय झालं असतं ते पाहा. ‘एकावर खूण करा’ म्हटलं असतं तर ‘नकोत’ला सोळा, ‘गेट’ला चौदा, ‘मजल्यां’ना तेरा. कॅमेरे नकोत, निकाल लागला. पण सत्तावीस घरांना कुठे ना कुठे कॅमेरे हवे होते! त्यांची मतं दोन पर्यायांत वाटली गेली म्हणून सोळांनी सत्तावीसांना हरवलं.

बरं, मंगळवारच्या पोलसारखं ‘कॅमेरे हवेत का, हो की नाही’ विचारलं असतं तर? ‘हो’ सत्तावीस, ‘नाही’ सोळा. मग समितीने अठरा कॅमेऱ्यांची ऑर्डर दिली असती, कारण उत्साही लोक समितीत असतात. पण गठ्ठे नीट पाहा. अठरा कॅमेरे आणि काहीच नको यांत निवडायचं झालं तर पंचवीस घरांना काहीच नको हे जास्त पसंत आहे, अठरा कॅमेरे पसंत करणारी अठराच. म्हणजे बहुमताच्या नावाने बहुमताला नको असलेली गोष्ट घडली असती, आणि ग्रुपवर त्याला ‘लोकशाही’ म्हटलं गेलं असतं.

मग लोकांना हवं तरी काय होतं? दोन-दोनची जोडी लावून मोजलं की स्पष्ट होतं. गेट विरुद्ध मजले: एकोणतीस विरुद्ध चौदा. गेट विरुद्ध काहीच नको: सव्वीस विरुद्ध सतरा. सहा कॅमेऱ्यांचा पर्याय दोन्ही कुस्त्या जिंकतो. पहिल्या पसंतीत तो दुसरा होता, म्हणून साध्या पोलमध्ये त्याला कुणी विचारलंही नसतं. त्याच माणसांची तीच मतं, आणि प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर निकाल तीन. हे माझं संशोधन नव्हे. फ्रान्समधल्या कोंदोर्से नावाच्या गणितज्ञाने १७८५ मध्ये हे लिहून ठेवलं आहे, आणि जोडीजोडीने जिंकणाऱ्या पर्यायाला आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

क्रमांक देणं आणि गठ्ठे लावणं सगळ्यांना जमेलच असं नाही. आमच्याकडेही दोन पत्रिकांवर तिन्ही पर्यायांपुढे ‘१’ लिहिलेलं आलं होतं. त्या घरांना मुदतीच्या आत विचारून पत्रिका बदलून घेतल्या. ज्यांना हा व्याप नको त्यांच्यासाठी एक साधी, जुनी रीत आहे, आणि ती आपल्या सभा-संमेलनांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ठरावाला कुणी उपसूचना मांडली की आधी उपसूचनेवर मत घेतात आणि मग, दुरुस्त झालेल्या मूळ ठरावावर. का? तर ठराव नेमका काय आहे हे आधी ठरल्याशिवाय त्याला हो-नाही म्हणता येत नाही. सोसायटीत तेच करायचं. पहिला प्रश्न: कॅमेरे बसवायचेच झाले तर कुठे, फक्त खाली की मजल्यांवरही? यात विरोधकांनीही मत द्यायचं, आणि हे मत म्हणजे संमती नव्हे हे कागदावर स्पष्ट लिहायचं. मग दुसरा प्रश्न: पहिल्यात जे ठरलं ते करायचं की काहीच नको? आधी आकार, मग होकार. आमच्या मतांवर ही रीत लावली तर पहिल्या प्रश्नात गेट एकोणतीस-चौदाने आणि दुसऱ्यात सव्वीस-सतराने जिंकतं, म्हणजे उत्तर तेच.

बऱ्याच सोसायट्या नेमकं उलटं करतात. आधी ‘हवे की नको’ विचारतात आणि ‘कुठे, किती, कोणते’ हे समितीवर सोडतात. होकार आधी घेतला की आकाराला लगाम राहत नाही.

या रीतीत एक पळवाट आहे, तीही सांगून टाकतो. कट्टर विरोधक पहिल्या प्रश्नात मुद्दाम ‘मजल्यांवरही’ला मत देऊ शकतात, म्हणजे सगळ्यात महागडा, सगळ्यात नावडता प्रस्ताव पुढे जावा आणि दुसऱ्या प्रश्नात पडावा. आमच्या सोळा घरांनी संगनमत केलं असतं तर ते जमलंही असतं. पण त्यासाठी बाकीच्यांची मतं आधी ठाऊक हवीत. नसतील तर खेळी अंगलट येऊन दारावर कॅमेरा बसतो. म्हणूनच मतदान चालू असताना कुणाला किती पडली हे कुणालाच दिसता कामा नये.

व्हॉट्सॲपच्या पोलचा सगळ्यात मोठा दोष मला तोच वाटतो. कुणी काय मत दिलं ते नावासकट दिसतं. ज्यांच्या घराची गळती वरच्या मजल्यावरून आहे ते वरच्यांच्या विरुद्ध मत देताना दहादा विचार करतात. पोल उघडताच ‘हो’वर पंधरा चेहरे दिसले की सोळावा माणूस ‘नको’वर बोट ठेवत नाही, फोन खाली ठेवतो. आम्ही कागद वापरले. प्रत्येक सभासदाला सेक्रेटरींच्या सहीची एक पत्रिका, एक कोरं पाकीट आणि घर क्रमांक लिहिलेलं एक मोठं पाकीट. पत्रिका कोऱ्यात, कोरं मोठ्यात, मोठं वॉचमनच्या केबिनमधल्या कुलपाच्या पेटीत. मोजणीच्या दिवशी मोठ्या पाकिटांवरून यादीत खुणा केल्या, आतली कोरी पाकिटं काढून एकत्र मिसळली आणि मगच ती उघडली. एका पेटीची किल्ली हो म्हणणाऱ्यांकडे, दुसऱ्या कुलपाची नको म्हणणाऱ्यांकडे. खर्च एकशे ऐंशी रुपये.

यादी हा दुसरा वादाचा विषय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला एकच मत असतं. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला तरी मत एकच, आणि भागपत्रावर ज्याचं नाव पहिलं त्याचा तो हक्क. भाडेकरूला मत नाही. पण २०२ मधल्या भाडेकरू ताई रोज त्या लॉबीतून ये-जा करतात आणि मालकीणबाई वर्षातून एकदा येतात, म्हणून भाडेकरूंचं म्हणणं आम्ही वेगळ्या कागदावर घेतलं आणि पत्रिकेसोबत सगळ्यांना वाचायला दिलं. मोजलं नाही, पण झाकलंही नाही. परगावच्या तीन सभासदांनी सोसायटीच्या रजिस्टरमध्ये असलेल्या ईमेलवरून क्रमांक पाठवले. त्यांची गुप्तता दोन मोजणीदारांपुरती तरी गेली, त्याला इलाज सापडला नाही.

आता मुदत. ‘लवकरात लवकर मत द्यावे’ ही मुदत नव्हे. आमच्या कागदावर लिहिलं होतं: पत्रिका शुक्रवारी वाटल्या जातील, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी रात्री नऊला, भारतीय वेळेनुसार, पेटी बंद होईल, आणि मोजणी लगेच क्लबहाउसमध्ये, ज्याला यायचं त्याने यावं. म्हणजे दोन शनिवार-रविवार मधे आले. आठवडाभर बाहेर असणाऱ्याला त्यातला एक तरी सापडतो. गणपती, दिवाळी आणि मे महिना टाळला.

मुदतीपेक्षाही महत्त्वाची ती मुदतवाढ. फसवणूक होते ती बहुतेक इथेच, आणि बऱ्याचदा सद्‌हेतूने. ‘अजून काही जणांची मतं यायची आहेत, दोन दिवस वाढवू या’ असं म्हणणाऱ्याला कल कुणीकडे आहे याचा अंदाज असतो. आपली बाजू पुढे असती तर त्याने वाढ मागितली नसती. म्हणून वाढीचा नियम मतदान सुरू होण्याआधीच लिहून ठेवला: रविवारी नऊपर्यंत बत्तीसपेक्षा कमी घरांच्या पत्रिका आल्या तर एकदाच, चार दिवस वाढ. बत्तीस किंवा जास्त आल्या तर वाढ नाही, कुणीही मागितली तरी. रविवारी संध्याकाळी सहाला अडतीस आल्या होत्या. साडेसहाला मला दोन फोन आले, दोन्ही बाजूंचा एकेक, की गुरुवारपर्यंत थांबा. दोघांनाही तोच कागद वाचून दाखवला. नऊपर्यंत आणखी पाच आल्या.

आणि ज्या पाच घरांनी काहीच कळवलं नाही त्यांचं काय? ‘उत्तर न आल्यास संमती गृहीत धरली जाईल’ हे वाक्य आपल्या ग्रुपांवर सर्रास असतं आणि ते सरळसरळ लबाडीचं आहे. न आलेलं मत हे न आलेलं मत. ते होकारात धरायचं नाही आणि नकारातही नाही.

एवढं सगळं होऊनही कायद्याच्या दृष्टीने आमच्याकडे काहीच झालेलं नव्हतं. ग्रुपवरचा पोल असो की पेटीतल्या पत्रिका, तो सभासदांचा कौल. खर्चाला मंजुरी मिळते ती सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. समितीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो याची मर्यादा उपविधींत, म्हणजे ज्यांना आपण बायलॉज म्हणतो त्यांत, दिलेली असते. पण ती दुरुस्ती-देखभालीसाठी असते, आणि नवे कॅमेरे ही दुरुस्ती नव्हे. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेला चौदा आणि विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते, आणि विषय त्या नोटिशीत छापलेला असावा लागतो. ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या ओळीखाली असा खर्च घुसवायचा मोह अनेकांना होतो. ज्याने नोटीस वाचून ‘यात आपल्या कामाचं काही नाही’ म्हणून घरी राहायचं ठरवलं, त्याची ती फसवणूक असते. समिती सभाच बोलावत नसेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यावर तिला विशेष सभा बोलवावी लागते. आमच्याकडे त्यासाठी दहा सह्या पुरल्या असत्या.

सभेतली खाच गणपूर्तीची आहे. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यातली जी संख्या कमी तेवढे हजर लागतात. आमच्यासाठी ती वीस. वीस जण आले तर अकरा जणांना त्रेचाळीस घरांचा कौल उलटवता येतो. त्याहून वाईट म्हणजे वीसही आले नाहीत, अर्ध्या तासासाठी सभा तहकूब झाली, की मग त्याच जागी भरणाऱ्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. सात जणांनी चहा पिता पिता लाखाचे ठराव केलेले मी पाहिले आहेत. त्यात सभेत प्रतिनिधीमार्फत मत देता येत नाही, त्यामुळे परगावच्या तिघांचं मत तिथे मोजलं जाणार नव्हतं. यावर आम्ही एवढंच करू शकलो: कौलाचे सगळे आकडे, सहाही गठ्ठ्यांसकट, नोटिशीतच छापले आणि ठरावाचा मसुदा शब्दशः दिला, कॅमेऱ्यांची संख्या, जागा, रक्कम, डिस्क आणि पासवर्डसकट. आकडे समोर असताना त्याच्या उलट हात वर करायला माणूस लाजतो. शिवाय झालेला ठराव रद्द करण्याचा विषय सहा महिने परत आणता येत नाही, हेही नोटिशीच्या तळाला लिहिलं.

विशेष सभेला सव्वीस सभासद आले, आमच्याकडे ही मोठीच संख्या. अठरा विरुद्ध सातने ठराव झाला. अध्यक्षांनी मत दिलं नाही, समसमान झाली तर त्यांचं निर्णायक मत लागलं असतं. नको म्हणणाऱ्या सातांपैकी दोघे पेटीची किल्ली सांभाळणारे होते. इतिवृत्तावर त्यांनीच साक्षीच्या सह्या केल्या.

सहा कॅमेरे बसून आता चार महिने झाले. पार्किंगमधून त्यानंतर सायकल गेलेली नाही. दुधाच्या पिशव्या मात्र तिसऱ्या आणि सातव्या मजल्यावरून अजून जातात, आणि ३०२ च्या काकूंनी पुढच्या वार्षिक सभेसाठी आपला विषय सेक्रेटरींकडे लेखी देऊन पोच घेतली आहे.